रोखीची सूट की लांबची मुदत? : एका व्यापारी पत्राची हकीकत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळातल्या पुष्कळजणी आज काही ना काही विकतात. कोणी मसाले करतात, कोणी परकर शिवतात, दोघीतिघींची लहानशी दुकाने आहेत. म्हणून चिटणीसबाईंनी मला सांगितले की, "तुम्ही सोलापूरच्या व्यापाऱ्याला जे पत्र लिहिलेत, त्याची सगळी हकीकत सभेत सांगा." पत्र काही फार मोठे नाही. पाठपोट एक कागद. परंतु तो कागद लिहिण्यापूर्वी आम्हांला जे आकडे मांडावे लागले, आणि लिहिल्यानंतर जे अनुभव आले, ते सांगण्यासारखे आहेत असे मलाही वाटते. तेव्हा विषय एवढाच: घाऊक व्यापारी जेव्हा म्हणतो, "लवकर पैसे द्याल तर सूट देतो, नाहीतर मुदत घ्या," तेव्हा त्याला काय उत्तर लिहावे?

आमचे दुकान म्हणजे माझे आणि माझ्या धाकट्या जाऊबाईंचे. चादरी, टॉवेल, सतरंज्या आणि थोडेफार परकराचे कापड, असा माल. चादरी आणि टॉवेल सोलापूरहून येतात. सातारचे गिऱ्हाईक चादर हातात घेऊन आधी "सोलापुरी आहे ना?" असे विचारते, त्यामुळे त्या मालाला सोडचिठ्ठी देणे शक्य नाही. ज्या पेढीकडून आम्ही माल घेतो, तिच्याशी आमची उधारी पंचेचाळीस दिवसांची होती. माल आला, विकला, आणि दीड महिन्याने पैसे पाठविले, असा क्रम चालला होता.

2025 च्या मे महिन्यात पेढीकडून नवे दरपत्रक आले. त्याच्या तळाशी दोन ओळी होत्या. बिलाच्या तारखेपासून दहा दिवसांत पैसे दिल्यास मालाच्या रकमेवर शेकडा दोन रुपये सूट. सूट नको असल्यास पूर्वीप्रमाणे पंचेचाळीस दिवस. दोहोंपैकी काय पसंत ते लेखी कळवावे.

जाऊबाईंनी दरपत्रक वाचले आणि बाजूला ठेवले. त्या म्हणाल्या, "दोन टक्क्यांसाठी कोण एवढी धावपळ करणार? पैसा पंचेचाळीस दिवस आपल्या हातात राहतो, तो काय वाईट?"

हे बोलणे चुकीचे नाही. बहुतेक दुकानांतून असेच म्हणतात. "दोन टक्के" हा आकडा ऐकायला लहान वाटतो, आणि पंचेचाळीस दिवस हा काळ मोठा वाटतो. पण ह्या दोन गोष्टी एका तराजूत घालायच्या तर आधी दोन्ही एकाच मापात आणाव्या लागतात. आपल्याला सगळ्यांना माहीत असलेले माप म्हणजे दरमहा शेकडा व्याज. बचत गटात आपण ह्याच मापाने बोलतो, कोणी शेकडा एक रुपया म्हणतात, कोणी दोन. तेव्हा मी तेच माप घेतले.

नेहमीची आमची मागणी समोर धरली. शंभर चादरी, दर 360 रुपये, म्हणजे 36,000. टॉवेल पंचवीस डझन, डझनाला 960 रुपये, म्हणजे 24,000. मिळून 60,000 रुपयांचा माल. त्यावर शेकडा पाच जीएसटी, 3,000 रुपये. बिल झाले 63,000 चे. मोटारभाडे आम्ही इथे माल सोडवताना वेगळे देतो, ते ह्यात नाही.

सूट मालाच्या रकमेवर आहे, करावर नाही. म्हणजे 60,000 वर दोन टक्के, 1,200 रुपये. दहाव्या दिवशी दिले तर 61,800 द्यायचे. पंचेचाळीसाव्या दिवशी दिले तर 63,000.

आता इथे जरा थांबून नीट पाहा. दहा दिवस तर दोन्ही रीतींत फुकटच मिळतात. म्हणजे मुदत घेऊन आपल्याला जास्तीचे मिळतात ते पंचेचाळीस दिवस नव्हेत, पस्तीसच. ह्या पस्तीस दिवसांसाठी आपण 61,800 रुपये स्वतःजवळ ठेवतो आणि त्याबद्दल 1,200 रुपये जास्त मोजतो. ह्याला दुसऱ्या शब्दांत कर्ज म्हणतात. पेढीने आपल्याला 61,800 रुपये पस्तीस दिवस वापरायला दिले आणि 1,200 रुपये व्याज घेतले. बिलावर "व्याज" असा शब्द कुठे नसतो, एवढाच फरक.

ह्या कर्जाचा दर काढणे अवघड नाही. पस्तीस दिवसांचे 1,200, म्हणजे रोजचे सुमारे चौतीस रुपये. तीस दिवसांचे झाले सुमारे 1,029. ते 61,800 वर बसविले की दरमहा शेकडा एक रुपया सहासष्ट पैसे येतात. वर्षाचे म्हटले तर शेकडा वीस रुपयांच्या किंचित वर.

हा आकडा कागदावर आल्यावर मग जाऊबाईही पुढे सरसावून बसल्या. कारण आमच्या बचत गटाचा दर शेकडा एक रुपया आहे. म्हणजे गटाकडून पैसे घेऊन पेढीचे बिल रोखीने भागविले तरीसुद्धा शेकडा सहासष्ट पैसे वाचतात. ह्याउलट ज्या गटाचा दर शेकडा दोन रुपये आहे, किंवा कोणी खासगी सावकाराकडून तीन रुपयांनी पैसे उचलीत असेल, तिने सूट मिळविण्यासाठी सगळेच बिल कर्ज काढून देऊ नये. दोन रुपये दराने 61,800 चे पस्तीस दिवसांचे व्याज 1,442 रुपये होते, आणि मिळणारी सूट 1,200 ची. तिच्यासाठी पेढीची मुदतच स्वस्त. तेव्हा "रोखीत फायदा" किंवा "उधारीत फायदा" असा सरसकट नियम नाही. पेढीच्या कर्जाचा दर काढावा, आपल्याला दुसरीकडे ज्या दराने पैसे मिळतात तो शेजारी लिहावा, आणि जो कमी असेल तो घ्यावा.

पैसे स्वतःचे असतील तर काय? तेव्हाही प्रश्न हाच, फक्त असा विचारावा की, हे पैसे पस्तीस दिवस इतरत्र ठेवले तर काय देतील? बँकेच्या बचत खात्यात पडून राहिले तर शेकडा एक रुपया सहासष्ट पैसे दरमहा कोणतीही बँक देत नाही.

पण गल्ल्यातला प्रत्येक रुपया मोकळा नसतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. जून महिन्याच्या आरंभी आमच्याजवळ बँकेत आणि गल्ल्यात मिळून 61,000 रुपये होते. जाऊबाईंनी लगेच म्हटले, "मग काय, दिले की!" मी म्हटले, आधी पुढच्या महिन्याची न टळणारी देणी मांडू. दुकानाचे भाडे, विजेचे बिल, मदतनीस मुलीचा पगार, परकराच्या कापडवाल्याचे येणे. सगळे मिळून 26,000. ते बाजूला काढल्यावर मोकळे राहिले 35,000. कमी पडत होते ते 26,800. गटाकडून 27,000 घेतले, महिनाभरात विक्रीतून फेडले, व्याज 270 रुपये पडले. सूट 1,200, त्यातून 270 गेले, 930 रुपये खरे वाचले. भाड्याचे पैसे पेढीला देऊन नंतर भाड्यासाठी तीन रुपये शेकड्याने हात पसरला असता, तर ही सूट त्यातच वाहून गेली असती.

इतका हिशेब झाल्यावर पत्र लिहिले. ते असे:

"सातारा, ता. 2 जून 2025.

रा. रा. शेटजी यांसी,

स. न. वि. वि.

आपले नवे दरपत्रक पोचले. त्यात विचारल्याप्रमाणे आम्ही मालाच्या रकमेवर शेकडा दोन रुपये रोख सुटीचा पर्याय पसंत करीत आहोत. त्यासंबंधी पुढील गोष्टी आपणांकडून लेखी कळाव्यात, म्हणजे मागाहून दोन्ही बाजूंना घोटाळा नको.

एक. सुटीचे दहा दिवस माल आमच्या हाती पोचल्याच्या तारखेपासून धरावेत. सोलापूरहून माल यायला तीनचार दिवस लागतात, आणि माल पाहिल्याशिवाय पैसे पाठविणे आम्हांस योग्य वाटत नाही.

दोन. मालाचा दर पंचेचाळीस दिवसांच्या गिऱ्हाइकास जो, तोच आम्हांस असावा. सूट त्या दरावर मिळावी.

तीन. माल कमी आला अगर सदोष निघाला तर पोचल्यापासून तीन दिवसांत आम्ही छायाचित्रासह कळवू. तेवढी रक्कम वजा करून बाकीचे पैसे मुदतीत पाठवू, आणि बाकीच्या रकमेवरची सूट त्यामुळे बुडू नये.

चार. पैसे आपल्या बँक खात्यात जमा करू आणि त्याच दिवशी बिलाचा क्रमांक व बँकेचा व्यवहार क्रमांक कळवू. खात्यात जमा झाल्याची तारीख ती पैसे दिल्याची तारीख समजावी. सुटीबद्दल आपण बिलाच्या क्रमांकासह जमापत्र पाठवावे.

पाच. एखाद्या बिलाचे पैसे सुटीच्या मुदतीत देणे न जमल्यास त्या बिलावर आम्ही सूट मागणार नाही, पूर्ण रक्कम पंचेचाळीस दिवसांत देऊ. रोखीचा पर्याय घेतला म्हणून आमची मुदतीची सोय बंद झाली असे समजू नये.

आपले उत्तर आले की पहिली मागणी पाठवू. लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र"

आणि खाली आम्हां दोघींच्या सह्या.

भगिनींनो, ह्या पाच कलमांपैकी एकही शोभेसाठी नाही. दोनतीन कलमांची कारणे सांगते.

पहिले कलम दिवसांचे. "दहा दिवसांत" असे म्हटले की कोणापासून दहा, हा प्रश्न उरतो. बिल ज्या दिवशी सोलापुरात फाडले त्या दिवसापासून मोजले आणि माल पाचव्या दिवशी आला, तर गाठोडे सोडून, मोजून, पैशांची सोय करायला पाचच दिवस हातात राहतात. ह्या कलमावर पेढीच्या मुनीमांचा फोन आला. म्हणाले, "ताई, माल केव्हा पोचला ते आम्ही कुठे बघत बसणार? तारीख बिलाचीच धरू. पण तुमच्यासाठी दहाचे बारा दिवस करतो." आम्हांला ते पटले. पेढीला एकच तारीख सांभाळायची असते आणि आम्हांला बारा दिवस पुरतात. फक्त मी म्हटले, "हे बारा दिवस तेवढे लिहून पाठवा." त्यांनी मोबाइलवर दोन ओळींचा निरोप पाठविला, तो आम्ही छापून पत्राच्या प्रतीला टाचून ठेवला आहे.

पहिले बिल 9 जूनचे निघाले. माल 12 तारखेला आला. सुटीचा शेवटचा दिवस 21 जून, आणि मुदतीचा शेवटचा दिवस 24 जुलै. ह्या दोन्ही तारखा आम्ही बिलावरच लाल शाईने लिहितो. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पैसे द्यायचे तर एकवीस जूनच्या आत द्यावेत, नाहीतर चोवीस जुलैला. मधल्या दिवशी देण्यात काही मिळत नाही. एखादी म्हणेल, "सुटीची तारीख चार दिवसांनी हुकली, तरी आता पैसे आलेत तर देऊन टाकू." तसे केल्याने सूटही गेली आणि उरलेले एकोणतीस दिवसही गेले. तारीख हुकलीच, तर ते पैसे दुसऱ्या बिलाच्या सुटीसाठी वापरावेत आणि ह्याची मुदत पुरी घ्यावी. मात्र पंचेचाळीसावा दिवस चुकवू नये. तसे झाले तर पुढच्या वेळी सूटही नाही आणि मुदतही नाही, अशी पाळी येते.

दुसरे कलम दराचे. सुटीचा खरा कस इथे लागतो. तिसऱ्या बिलात टॉवेलचा दर डझनाला 960 च्या ऐवजी 980 लावलेला आला. वीस रुपये दिसायला काही नाही. पण 980 वर दोन टक्के सूट धरली की साडेएकोणीस रुपयांच्या वर जाते, आणि निव्वळ दर पुन्हा 960 च्या घरात येतो. म्हणजे टॉवेलापुरती आमची सूट एका हाताने दिली आणि दुसऱ्या हाताने काढून घेतली, असे झाले की काय? सूत महागले की टॉवेलचा दर वाढतोच, त्यामुळे नुसती वाढ पाहून कोणावर आळ घेता येत नाही. मग ओळखावे कसे? मुदतीच्या गिऱ्हाइकाचा त्याच दिवशीचा दर विचारावा. त्यालाही 980 लावला असेल तर वाढ खरी. त्याला 960 आणि आपल्याला 980 असेल तर सूट कागदावरच आहे. आमच्याजवळ दुसरे कलम लिहिलेले होते, म्हणून मुनीमांना मोकळेपणाने विचारता आले. त्यांनी मुदतीच्या गिऱ्हाइकांसाठी काढलेले दरपत्रक दाखविले. त्यात 980 च होते. शंका फिटली, आणि कोणाचे मनही दुखावले नाही.

तिसरे कलम सदोष मालाचे. उधारीत गिऱ्हाइकाच्या हातात एक जोर असतो. पैसे अजून द्यायचे असतात, त्यामुळे तक्रार लवकर ऐकली जाते. रोखीने पैसे दिले की तो जोर जातो. ऑगस्टच्या बिलात एक डझन टॉवेलांत विणीचे धागे सुटलेले निघाले. ते त्याच दिवशी छायाचित्र काढून कळविले. 60,000 मधून 960 वजा झाले, 59,040 वर सूट 1,180 रुपये 80 पैसे मिळाली, आणि वाद झाला नाही. माल आल्या दिवशीच गाठोडे सोडून प्रत्येक डझन मोजावे आणि उघडून पाहावे, हे रोखीच्या व्यवहारात टाळता येत नाही. पूर्वी आमची गाठोडी आठआठ दिवस बांधलेलीच राहत. आता तसे चालत नाही.

चौथ्या कलमात जमापत्राचा उल्लेख आहे, त्याबद्दल दोन शब्द. जीएसटीचा कायदा 2017 साली आला, तेव्हापासून सूट कशी दाखवायची ह्याला महत्त्व आले आहे. सूट बिल करतानाच वजा करून दाखविली तर कर कमी रकमेवर बसतो. आमची सूट मात्र पैसे मुदतीत दिल्यावर मिळते, म्हणून बिल पूर्ण रकमेचे होते, कर 3,000 तसाच राहतो, आणि पेढी मागाहून 1,200 रुपयांचे कर न लावलेले साधे जमापत्र देते. आमची जीएसटीची नोंदणी असल्यामुळे ह्याची वजावट कशी दाखवायची ते आम्ही आमच्या हिशेबनीसांकडून आधी समजून घेतले. ज्यांची नोंदणी नाही त्यांना ही वजावट नसतेच, कर हा त्यांच्या खरेदीच्या किमतीचाच भाग असतो. नोंदणी असो वा नसो, जमापत्र हाती आल्याशिवाय ते बिल पूर्ण झाले असे समजू नये. नाहीतर वर्षाअखेर पेढीच्या खातेउताऱ्यात आपल्या नावावर 1,200 रुपये बाकी दिसत राहतात.

पाचवे कलम जाऊबाईंच्या आग्रहाने घातले, आणि मला विचाराल तर सगळ्यांत शहाणपणाचे तेच. रोखीचा पर्याय घेताना मुदतीचे दार आपल्या हाताने लावून घेऊ नये. त्याचे कारण मालात आहे. पांढरा टॉवेल आणि नेहमीच्या चौकटीची चादर हा आमच्याकडे चालता माल. तो महिन्या-सव्वा महिन्यात खपतो, हे आम्हांला वहीवरून ठाऊक आहे. त्यात पैसा अडकला तरी थोडे दिवस. पण सप्टेंबरात पेढीने गडद रंगाच्या नव्या नमुन्याच्या चादरी दाखविल्या. त्या खपतील की नाही हे कोणाला ठाऊक? अशा मालाला आम्ही रोखीची सूट घेतली नाही. त्याचे बिल वेगळे करवून घेतले आणि पंचेचाळीस दिवसांची मुदत घेतली. नव्या मालावर मुदत असली म्हणजे न खपलेला नमुना बदलून देण्याबद्दल बोलायला जागा राहते. चालता माल रोखीने आणि नवा माल मुदतीने, अशी वाटणी आमच्या दुकानाला मानवली आहे.

आणखी एक मोह सांगते. सूट मिळते म्हणून जास्त माल उचलावासा वाटतो. शंभराच्या जागी दीडशे चादरी घेतल्या की सूट जास्त, असे मन म्हणते. पण जादा पन्नास चादरी, म्हणजे 18,000 रुपये, दोन महिने जास्त फडताळात पडून राहिले, तर त्यांवरचे गटाचे व्याज शेकडा एक रुपयाने 360 रुपये होते, आणि त्यांवरची सूटही नेमकी 360 रुपयेच. तिथेच बरोबरी झाली. त्यात धूळ बसणे आणि घडीवर रंग उडणे धरले की तोटाच. सूट ही ठरलेल्या खरेदीवर घ्यावी, सुटीसाठी खरेदी ठरवू नये.

पेढी एवढी सूट का देते, असा प्रश्न सभेपूर्वी एका भगिनीने मला विचारला. तिचे उत्तर सरळ आहे. पेढीलाही सूतवाल्याचे आणि कारखानदाराचे पैसे द्यायचे असतात, तिनेही बँकेकडून व्याजाने पैसे उचललेले असतात. शिवाय उधारीत वसुलीला माणूस फिरवावा लागतो, चेक परत येतात, आणि एखादे गिऱ्हाईक बुडते. लवकर पैसे आले की हा सगळा खर्च वाचतो, आणि त्या वाचलेल्या खर्चातला वाटा ती आपल्याला देते. म्हणून सूट मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. पत्रात विनंतीचे शब्द असावेत, पण अजिजीचे नकोत. ज्या पेढीच्या दरपत्रकात अशी ओळ नसेल, तिलाही हेच पत्र लिहून विचारता येते. फार तर ती नाही म्हणेल.

आमच्या वहीत आता प्रत्येक बिलासमोर चार रकाने आहेत: सुटीची तारीख, मुदतीची तारीख, मिळालेली सूट, आणि त्यासाठी पडलेले व्याज. जून ते नोव्हेंबर ह्या सहा महिन्यांत चालत्या मालाची बिले पाच झाली. त्यांपैकी चार बिलांवर सूट घेतली. दिवाळीच्या तोंडावरचे एक बिल मात्र मुद्दाम मुदतीवर सोडले. त्या वेळी मोकळे पैसे परकराच्या कापडात गुंतले होते, आणि गटाकडेही सगळ्याजणींची मागणी असल्यामुळे कर्ज मिळण्यासारखे नव्हते. पाचवे कलम त्या दिवशी कामास आले. चार बिलांची सूट 4,780 रुपये 80 पैसे मिळाली, व्याज 710 रुपये गेले. निव्वळ चार हजारांच्या वर रक्कम हाती राहिली. जाऊबाईंनी ती गल्ल्यात मिसळू दिली नाही, वेगळ्या खात्यात ठेवली आहे. त्यांचा विचार असा की, हे खाते वाढत गेले की पुढे गटाकडून घ्यावयाची रक्कम दरवेळी थोडीथोडी कमी होईल, आणि 1,200 मधून जाणारे 270 सुद्धा वाचतील.

पत्राची एक कोरी प्रत चिटणीसबाईंजवळ ठेवली आहे. ज्या भगिनींना पाहिजे त्यांनी उतरून घ्यावी, आणि आपापले दर व दिवस त्यात घालावेत. दरमहा शेकडा दर काढताना कोणाला अडले, तर मी किंवा जाऊबाई दुपारी दोन ते चार दुकानात असतो. येताना आपले बिल आणि गटाचे पासबुक बरोबर आणावे.